गॅदरिंगनंतरचा अहवाल: मंडप, साउंड आणि जनरेटरचा खर्च कसा मांडायचा

नाशिकमधल्या कॉलेजांच्या फेस्टिव्हल समित्यांसाठी माहितीपत्रक

कार्यक्रम संपतो, मैदान रिकामं होतं आणि दहा-बारा दिवसांनी लेखा विभागातून विचारणा येते: कोटेशन 1,96,824 रुपयांचं होतं, बिल 2,10,748 चं कसं? तोवर जीएस परीक्षेच्या तयारीला लागलेला असतो आणि कुणी काय वाढवून मागितलं होतं ते कुणालाच नीट आठवत नाही. मग अहवालात "काही अपरिहार्य वाढीव खर्च झाला" असं एक वाक्य येतं. त्या वाक्यावर ना बिल मंजूर होतं, ना पुढच्या वर्षीच्या समितीला त्यातून काही कळतं.

आम्ही मंडप, साउंड, लाइट आणि जनरेटर पुरवतो. आमच्या बिलातला फरक अहवालात कसा उलगडायचा आणि त्यातूनच पुढच्या वर्षीच्या सूचना कशा काढायच्या, तेवढंच इथे सांगितलं आहे. उदाहरणातले दर आणि आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या अहवालात तुमच्या कोटेशनमधले घाला.

आधी चार कागद

अहवाल लिहायला बसण्यापूर्वी मंजूर कोटेशन, जादा सामानाच्या चिठ्ठ्या, जनरेटरच्या अवर मीटरची नोंद आणि अंतिम बिल एकत्र ठेवा. यातलं कोटेशन आणि बिल सगळ्यांकडे असतं. हरवतात त्या चिठ्ठ्या. ऐन कार्यक्रमात कुणी तरी साउंडवाल्याच्या कानात "दादा, अजून दोन माइक द्या ना" म्हणतं, माइक दिले जातात आणि बिलात येतात. म्हणून आम्ही जादा सामान चिठ्ठीवरच देतो. त्यावर वस्तू, संख्या, वेळ आणि मागणाऱ्याची सही असते, एक प्रत तुमच्याकडे राहते. समितीतल्या कोणत्या दोघांची सही चालेल, ते आधी ठरवून आम्हाला कळवा. स्वयंसेवक चाळीस असतात आणि आमच्या माणसाला सगळे सारखेच दिसतात.

एक उदाहरण: दोन दिवसांचं गॅदरिंग

कोटेशनमध्ये असं होतं: स्टेज 28,800, साउंड दोन दिवस 64,000, लाइट दोन दिवस 36,000, जनरेटरचं भाडं दोन दिवस 18,000, रोज 800 खुर्च्या 8 रुपयांप्रमाणे 12,800. डिझेलचा अंदाज रोज 5 तास, तासाला 8 लिटर, म्हणजे 80 लिटर. 90 रुपयांनी 7,200. एकूण 1,66,800. त्यावर 18 टक्के जीएसटी 30,024. बेरीज 1,96,824.

बिलात तीन गोष्टी वाढल्या. डिझेल 80 लिटरऐवजी 160 लिटर, म्हणजे 7,200 जास्त. दुसऱ्या दिवशी दोन कॉर्डलेस माइक, 3,000. दुसऱ्याच दिवशी 200 खुर्च्या, 1,600. वाढ 11,800, त्यावरचा जीएसटी 2,124, एकूण 13,924. कोटेशनमध्ये ही रक्कम मिळवली की बिलाचा आकडा पैशापर्यंत जुळतो. अहवालात हाच हिशोब तीन ओळींत द्या आणि प्रत्येक ओळीसमोर कारण लिहा. फरक जुळत नसेल तर अहवाल पुढे पाठवू नका, आधी आम्हाला फोन करा. एखादी चिठ्ठी राहिली असेल किंवा आमच्याकडून एखादी वस्तू दोनदा लागली असेल.

डिझेल बिलातून आलं की त्यावरही जीएसटी लागतो, हे बऱ्याच जणांना नवीन असतं. पंपावरच्या डिझेलला जीएसटी नसतो हे खरं, पण इथे डिझेल हा आमच्या सेवेचाच भाग धरला जातो. कॉलेजला बहुतेक वेळा या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे अहवालात तो खर्चातच धरा.

टीडीएस म्हणजे बचत नाही

हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. साउंड, लाइट, जनरेटरसोबत आमची माणसं काम करतात, त्यामुळे हे कंत्राटी काम ठरतं आणि एकच बिल 30,000 रुपयांच्या वर गेलं की कॉलेज त्यातून टीडीएस कापतं. पुरवठादार एकट्याच्या मालकीचा असेल तर 1 टक्का, भागीदारी फर्म किंवा कंपनी असेल तर 2 टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर कपात मूळ रकमेवर होते, जीएसटीवर नाही. वरच्या उदाहरणात मूळ रक्कम 1,78,600, 1 टक्का कपात 1,786 आणि आमच्या खात्यात येणार 2,08,962.

आता विद्यार्थी प्रतिनिधी बँकेचं स्टेटमेंट बघून खर्च 2,08,962 लिहितो आणि ताळेबंद 1,786 रुपयांनी अडतो. ती रक्कम वाचलेली नसते. कॉलेज ती आमच्या नावाने सरकारात भरतं. खर्च 2,10,748 च लिहायचा आणि खाली पुरवठादाराला दिलेली व टीडीएस म्हणून भरलेली अशा दोन रकमा दाखवायच्या. ॲडव्हान्स दिला असेल तर तोही याच ठिकाणी, तारखेसह.

डिझेल दुप्पट का लागलं

फरकाच्या तीन ओळींपैकी विचार करण्यासारखी ओळ ही एकच. अवर मीटर सुरुवातीला 1846.2 होता, शेवटी 1866.2. म्हणजे 20 तास. पहिल्या दिवशी दुपारी एक ते रात्री साडेदहा असे साडेनऊ, दुसऱ्या दिवशी बारा ते साडेदहा असे साडेदहा. कार्यक्रम मात्र दोन्ही दिवस पाच ते दहाच होता.

अंदाज चुकला तो इथे. कोटेशन मागताना समितीने कार्यक्रमाचे तास सांगितले. जनरेटर मात्र लाइट बांधताना, फोकस लावताना, साउंडचं लाइन चेक करताना आणि शेवटी गर्दी बाहेर पडेपर्यंत चालतो. शिवाय रिकामा चालला तरी तो डिझेल पीतच असतो. दुपारी बारा वाजता एक ड्रिल मशीन आणि चार बल्ब यांच्यासाठी 62.5 केव्हीएचा सेट धडधडत ठेवणं म्हणजे एका माणसासाठी एसटी काढण्यासारखं आहे.

यातून सूचना थेट निघते. बांधणीच्या वेळी कॉलेजच्या थ्री फेज लाइनवरून, 32 अँपिअरच्या एमसीबीमागून तात्पुरता पुरवठा घ्यावा. जोडणी कॉलेजच्या इलेक्ट्रिशियननेच करावी. न्यूट्रल ढिला राहिला तर एखाद्या फेजवर 230 च्या जागी 400 व्होल्टच्या जवळपास दाब चढतो आणि आधी अँप्लिफायर जातो. जनरेटरवर बदली लाइन चेकच्या आधी करावी, मधे नाही. वीज क्षणभर जरी गेली तरी डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ स्टेजवरचा निवेदक हातवारे करत उभा राहतो.

असं केलं तर जनरेटर रोज साडेसहा तास पुरतो. दोन दिवसांचे 13 तास, 104 लिटर, 9,360 रुपये. यंदाच्या 14,400 पेक्षा 5,040 कमी, जीएसटी धरून साधारण 5,900. कॉलेजचं वीजबिल थोडं वाढेल, तेही सूचनेत लिहा.

माइक आणि खुर्च्या

माइक का वाढले? कोटेशनमध्ये कॉर्डलेस चार होते आणि दुसऱ्या दिवशीच्या नाटुकल्यात पात्रं सहा होती. सूचना एका ओळीची: प्रत्येक संघाकडून माइकची संख्या आठ दिवस आधी लेखी घ्यावी.

खुर्च्यांचं गणित स्वस्तातलं आहे, त्यावर अहवालाची अर्धी पानं घालवू नका. पण खुर्च्यांवरून उपस्थिती मात्र चांगली मोजता येते. "विद्यार्थ्यांचा उदंड प्रतिसाद" लिहिण्याऐवजी ठरलेल्या वेळी भरलेल्या रांगा मोजा. 40 खुर्च्यांच्या 25 रांगा असतील तर काम दोन मिनिटांचं. उदाहरणात दुसऱ्या दिवशी सहा वाजता 15 रांगा भरल्या होत्या, म्हणजे 600 जण. साडेसातला 21 रांगा, 840. नऊला 9 रांगा, 360. नोंदणीचा आकडा यापेक्षा नेहमी मोठा असतो. दोन्ही द्या, पण एकाच्या जागी दुसरा नको.

साडेसातचा आकडा सांगतो की 800 खुर्च्या थोड्या कमी पडल्या असत्या आणि 1000 जास्त झाल्या. नऊचा आकडा जास्त बोलका आहे. कार्यक्रम पडला असा निष्कर्ष घाईने काढू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी उघड्या मैदानावर साडेआठनंतर चांगलीच झोंबते. गंगापूर रोडला नदीकडच्या बाजूला तर खुर्च्यांवर दव पडतं आणि मिक्सरवर प्लास्टिक टाकावं लागतं. मोजणीच्या तक्त्यात त्या वेळी स्टेजवर काय चालू होतं आणि हवा कशी होती, हे दोन रकाने ठेवा, म्हणजे पुढच्या समितीला कारण शोधता येईल.

इथे सूचना अशी: कार्यक्रम चारला सुरू करून नऊला संपवावा आणि सगळ्यात लोकप्रिय सादरीकरण साडेसातच्या आसपास ठेवावं. जनरेटर मग तीनला सुरू होऊन साडेनऊला बंद होईल, वरचे साडेसहा तास ते हेच. दहाच्या मर्यादेलाही तासभर हात राखून राहतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि शैक्षणिक संस्थेभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. त्यामुळे पोलीस परवानगीची प्रत आणि साउंड प्रत्यक्ष बंद केल्याची वेळ अहवालाला जोडा. तक्रार आली तर पहिला प्रश्न त्या वेळेचाच असतो.

प्रायोजकांबद्दल थोडक्यात

रोख आणि वस्तू एकत्र मिळवू नका. टी-शर्ट किंवा पाण्याच्या बाटल्या दिलेल्या प्रायोजकाचं नाव जमेत रुपयांत घातलं आणि तेवढाच खर्च दाखवला नाही, तर कागदावर शिल्लक दिसते आणि हातात काहीच नसतं. वस्तूंची वेगळी यादी द्या.

आमच्याकडून काय मिळेल

बिलासोबत चिठ्ठ्यांच्या प्रती आणि अवर मीटरचे सुरुवातीचे व शेवटचे फोटो देतो. मीटरचं वाचन घेताना समितीतलं कुणी तरी हजर असावं, म्हणजे नंतर प्रश्न उरत नाही. अहवाल आठवड्याच्या आत लिहायला घ्या. पुढच्या वर्षीचं कोटेशन मागताना त्यातलं सूचनांचं पान सोबत पाठवा. आम्ही त्यातल्या तासांवरूनच डिझेल धरू.