संदेशाची वेळ तासांनी चुकणे

फोन किंवा संगणकावर आलेल्या संदेशाशेजारी खऱ्या वेळेपेक्षा काही तास मागची किंवा पुढची वेळ दिसणे, हा बिघाड नसून बहुतेक वेळा सेटिंगमधली चूक असते. संदेश वेळेवर आलेला असतो, नेटही ठीक असते. चुकलेले असते ते यंत्राने मानलेले ठिकाण, म्हणजे टाइम झोन. यंत्र सांगलीत असते आणि स्वतःला दुबईत किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजत असते.

संदेशाची वेळ सर्व्हरवर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते. सकाळी १० वाजता तासगावहून निघालेल्या संदेशावर आत ४:३० अशी नोंद असते. तो वाचणारे यंत्र आपल्या टाइम झोनचा फरक त्यात मिळवते आणि बेरीज पडद्यावर दाखवते. भारतासाठी हा फरक अधिक ५ तास ३० मिनिटे आहे. म्हणून एकच संदेश दोन फोनांवर दोन वेगवेगळ्या वेळा दाखवू शकतो, आणि दोन्ही फोनांची बेरीज बरोबर असू शकते.

फरकावरून कारण ओळखणे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चूक नेमकी किती तास-मिनिटांची आहे ते मोजावे. भारताच्या फरकात अर्धा तास असल्यामुळे आपल्याकडे हे निदान इतर अनेक देशांपेक्षा सोपे जाते. जगातले बहुतेक झोन यूटीसीपासून पूर्ण तासांवर आहेत, त्यामुळे चुकीचा झोन निवडला गेला की आपल्याकडची चूक सहसा 'साडे'मध्येच येते. दीड तास मागे असेल तर झोन आखाती देशांतला, म्हणजे दुबई-मस्कतचा आहे. साडेपाच तास मागे असेल तर यंत्र कोरी यूटीसी दाखवते आहे. अर्धा तास मागे म्हणजे यादीत चुकून कराची निवडले गेले, अर्धा तास पुढे म्हणजे ढाका. पाव तास पुढे असेल तर काठमांडू, कारण नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे.

चूक बरोबर १२ तासांची असेल तर झोनकडे पाहण्याआधी सकाळ-संध्याकाळ तपासावी. हाताने वेळ लावताना `AM` ऐवजी `PM` राहून गेलेले असते. आणि फरक ७ मिनिटे, २३ मिनिटे असा वेडावाकडा असेल तर झोनचा संबंध नाही, घड्याळच मागेपुढे झाले आहे. झोन चुकला तरी यंत्राचे घड्याळ सेकंदासेकंदाला बरोबर चालू असते.

काटे बरोबर, झोन चूक

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा प्रकार असा की टास्कबारवरचे घड्याळ अगदी बरोबर दिसते आणि संदेशांच्या वेळा मात्र चुकतात. हा प्रकार यंत्र करत नाही, माणूस करतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद अडतीच्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. जुना लॅपटॉप फॉरमॅट करून आला. विंडोज बसवताना भाषा आणि तारखेचा नमुना अमेरिकन इंग्रजी ठेवला की झोन `Pacific Time` राहतो. तो कोणी बदलला नाही. तारीख २० मार्च २०२५, सकाळचे १० वाजलेले. अमेरिकेत ९ मार्चपासून उन्हाळी वेळ सुरू झालेली, त्यामुळे पॅसिफिक वेळ यूटीसीच्या ७ तास मागे. लॅपटॉपचे घड्याळ १९ मार्च, रात्रीचे ९:३० दाखवते.

दिवाणजी घड्याळ उघडतात, आपोआप वेळ घेण्याचे बटण बंद करतात आणि २० मार्च, सकाळी १० असे हाताने लावून मोकळे होतात. दिसायला सगळे ठीक. पण लॅपटॉपच्या समजुतीप्रमाणे आता कॅलिफोर्नियात सकाळचे १० वाजले आहेत, म्हणजे यूटीसी १७:००. खरी यूटीसी ४:३० आहे. आधी आतले घड्याळ बरोबर होते आणि फक्त दाखवणे चुकत होते. आता आतले घड्याळही साडेबारा तास पुढे गेले.

परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. तासगावहून १०:०५ ला पाठवलेला ईमेल या लॅपटॉपवर 'काल रात्री ९:३५' असा दिसतो. आणि १०:१० ला इथून मेल प्रोग्रॅममधून पाठवलेले दराचे पत्र समोरच्याला 'आज रात्री १०:४०' असे दिसते, म्हणजे अजून न उजाडलेल्या वेळेचे. पाठवल्याच्या वेळेनुसार लावलेल्या यादीत ते रात्रीपर्यंत सगळ्यात वर ठाण मांडून बसते, आणि दुपारी आलेली नवी पत्रे त्याच्या खाली जातात. समोरचा म्हणतो, तुमचे उत्तरच आले नाही. मेलचा हेडर उघडला की सगळे कळते:

```
Received: Thu, 20 Mar 2025 04:40:05 +0000
Date: Thu, 20 Mar 2025 10:10:00 -0700
```

खालची ओळ पाठवणाऱ्या लॅपटॉपने लिहिली, वरची सर्व्हरने. (प्रत्यक्षात `Received` ची ओळ लांबलचक असते, इथे तिचा शेवटचा वेळेचा भाग घेतला आहे.) शेवटचे `-0700` हे झोनचे चिन्ह. सांगलीहून निघालेल्या पत्रावर तिथे `+0530` हवे. दोन्ही ओळी यूटीसीत आणल्या तर एक ४:४० आणि दुसरी १७:१० भरते, फरक साडेबारा तासांचा. ब्राउझरमधून पाठवलेल्या मेलवर सहसा सर्व्हरच वेळ घालतो, त्यामुळे तिथे जाणारी पत्रे बरोबर राहतात आणि फक्त आलेली चुकीची दिसतात.

या अवस्थेची आणखी एक खूण म्हणजे दर ३० सेकंदांनी बदलणारे लॉगिनचे कोड. ते कोड आतल्या यूटीसीवरून तयार होतात. त्याच यंत्रावर कोड बनवणारे ॲप असेल तर प्रत्येक कोड 'चुकीचा' ठरतो. झोन चुकीचा पण आतले घड्याळ बरोबर असताना हे होत नाही, त्यामुळे दोन अवस्था वेगळ्या ओळखायला ही खूण फार उपयोगाची आहे.

आपोआप वेळ घेणे चालू राहिले असेल तर वेगळाच फसवा प्रकार घडतो. हाताने लावलेली वेळ थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेबारा तास मागे जाते. मग निदान होते 'बॅटरी गेली', आणि मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी विनाकारण बदलली जाते. बॅटरी खरोखर संपली असेल तर वीज काढून ठेवल्यानंतर तारीख कित्येक वर्षे मागे पडते. फरक बरोबर साडेबारा तासांचा असताना बॅटरीला दोष देऊ नये.

दुरुस्तीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे: आधी झोन, मग वेळ. विंडोजमध्ये `Settings > Time & language > Date & time` मध्ये `Time zone` च्या यादीतून `Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` निवडावे. यादीत पुण्या-साताऱ्याचे नाव शोधण्यात वेळ घालवू नये, सगळ्या भारताला एकच ओळ आहे. नंतर `Set time automatically` चालू करून `Sync now` दाबावे. `Set time automatically` आधीच चालू असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये झोन बदलणे आणि वेळ जुळवणे दोन ओळींत होते:

```
tzutil /s "India Standard Time"
w32tm /resync
```

झोन बदलताच आलेल्या जुन्या संदेशांच्या वेळा आपोआप जागेवर येतात, कारण त्यांची मूळ नोंद यूटीसीत असते. पाठवलेल्या पत्रांचे तसे नाही. त्यांच्या हेडरमध्ये चुकीची वेळ लिहूनच गेलेली असते. ती पत्रे दोन्हीकडे कायम चुकीचीच दिसणार, आणि वेळेवरून वाद होण्यासारखे एखादे असेल तर पुन्हा पाठवणे हाच सरळ मार्ग.

फोनवर हा प्रश्न सहसा सिम नसलेल्या हँडसेटवर येतो. दुबईहून आलेला मुलगा आपला जुना फोन विट्याला आईकडे ठेवून जातो आणि तो घरच्या वायफायवर चालतो. मोबाइल नेटवर्क नाही, लोकेशन बंद, त्यामुळे झोन तिकडचाच राहतो आणि सगळे दीड तास मागे दिसते. अँड्रॉइडमध्ये `Date & time` खाली `Set time zone automatically` बंद करून हाताने भारत निवडावा, पण `Set time automatically` चालूच ठेवावे. काही फोनांवर या दोन्हींना एकच बटण असते. आयफोनवर `Settings > General > Date & Time` मध्ये `Set Automatically` बंद केल्यावर शहर निवडता येते. मात्र त्याच पानावर खाली दिसणाऱ्या तास-मिनिटांना हात लावायचा नाही, नाहीतर दिवाणजींचीच गत होते.

उन्हाळी वेळ

भारतात घड्याळे ऋतूनुसार पुढेमागे होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, ती एक तास पुढे होती, पण आता तसे काही नाही. म्हणून भारताचा झोन लावल्यावर विंडोजमधले `Adjust for daylight saving time automatically` हे बटण फिके पडते. ते चालू होत नाही म्हणून खटपट करू नये.

तरीही एका तासाचा फटका इथे बसतो, तो समोरच्या देशामुळे. तासगाव-मिरज भागातली द्राक्षे युरोपला जातात आणि हंगाम ऐन भरात असताना मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळे तासभर पुढे सरकतात. २०२५ मध्ये तो रविवार ३० मार्चचा होता. सांगली आणि रॉटरडॅममधला साडेचार तासांचा फरक त्या दिवशी साडेतीनवर आला. रॉटरडॅमच्या सकाळी ९ चा फोन आधी आपल्या दुपारी १:३० ला यायचा, आता १२:३० ला. दोन्ही यंत्रांची सेटिंग बरोबर असेल तर संदेशांच्या वेळा यात चुकत नाहीत, फक्त डोक्यात धरलेला साडेचारचा हिशेब चुकतो. संदेशच बरोबर एका तासाने चुकले असतील तर सहसा समोरच्याने उन्हाळी वेळेचे बटण बंद करून घड्याळ हाताने पुढे केलेले असते. अमेरिकेचा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे युरोप आणि अमेरिका यांच्यातला फरकही नेहमीचा राहत नाही.

उतरवून घेतलेला चॅट

व्हॉट्सॲपमधला चॅट `Export chat` ने बाहेर काढला की तयार होणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीआधी तारीख आणि वेळ येते, पण झोन कुठेच लिहिलेला नसतो. वेळ असते ती चॅट काढणाऱ्या फोनच्या झोनची. एकच संभाषण सांगलीच्या फोनवरून काढले तर रात्री १२:४० चा सौदा दुसऱ्या तारखेला पडतो, आणि दुबईच्या फोनवरून काढले तर आदल्या तारखेच्या ११:१० ला. देण्याघेण्याच्या तंट्यात अशा दोन प्रती समोरासमोर आल्या की एकाने खाडाखोड केली असा संशय येतो. सगळ्या ओळींत सारखाच दीड तासाचा फरक असेल तर खाडाखोड नाही, झोन वेगळा आहे. फाइल काढतानाच वर फोनचा झोन लिहून ठेवला, तर पुढे हा हिशेब करावा लागत नाही.