फोटो गॅलरीत आहे, मग ॲपला का दिसत नाही?

फोनच्या गॅलरीत फोटो समोर दिसतो, पण ॲपमध्ये पाठवायला जावं तर तिथे जुने चार-पाचच फोटो असतात. बऱ्याच जणांना वाटतं फोटो उडाला किंवा ॲप बिघडलं. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. पूर्वी कधीतरी त्या ॲपला मोजकेच फोटो बघायची परवानगी दिलेली असते आणि ॲप तेवढेच दाखवतं. ही सोय का आली, हे कळलं की फोटो कुठे शोधायचा हेही कळतं.

फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक बातमी आली. आयफोनवरच्या एखाद्या ॲपला तुम्ही फक्त ‘लोकेशन वापरू दे’ म्हणालात, तरी ते तुमची सगळी फोटो लायब्ररी उचलून सर्व्हरवर नेऊ शकत होतं, आणि फोटो कुठे काढला ती माहितीही सोबत जात होती. पुढच्या काही दिवसांतच त्याच वर्तमानपत्राने अँड्रॉइडचीही तीच गत दाखवली. तिथे तर इंटरनेट वापरायची मुभा असलेल्या ॲपला फोटो वाचायला वेगळं काही विचारावंच लागत नव्हतं. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्ये फोटो काढता-घालता येणाऱ्या मेमरी कार्डावर असायचे, त्यामुळे ही रचना तशी झाली, असं गूगलचं स्पष्टीकरण होतं.

त्याच वर्षी आलेल्या आयओएस ६ मध्ये ॲपलने फोटोंसाठी वेगळी परवानगी आणली. अँड्रॉइडवर इन्स्टॉल करतानाच सगळ्याला एकदम होकार द्यायची पद्धत होती. ऐन वेळी विचारणारी चौकट २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत आली. दोन्हीकडे उणीव मात्र एकच राहिली: एक तर सगळे फोटो, नाहीतर एकही नाही. प्रोफाइलला एक फोटो लावायचा म्हणून दहा वर्षांचे फोटो, आधार कार्डाच्या स्क्रीनशॉटसकट, उघडे करायचे. लोकांनी केले, कारण नाही म्हटलं तर काम अडायचं.

यातून दोन वेगवेगळे उपाय निघाले. पुढचा सगळा गोंधळ या दोहोंत फरक न केल्यामुळे होतो.

पहिला उपाय म्हणजे फोनचा स्वतःचा पिकर. फोटो निवडायची खिडकी ॲपने बनवायचीच नाही, ती आयओएस किंवा अँड्रॉइडने उघडायची. तुम्हाला तिथे सगळे फोटो दिसतात, पण ॲपला त्यातलं काही दिसत नाही. तुम्ही बोट ठेवाल तेवढाच फोटो त्याच्या हाती पडतो. त्यामुळे परवानगीचा प्रश्नच येत नाही. आयफोनच्या पिकरला ही शिस्त २०१७ च्या आयओएस ११ पासून लागली आणि २०२० च्या आयओएस १४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. अँड्रॉइडचा फोटो पिकर २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ सोबत आला.

पण ज्या ॲपांनी फोटो निवडायची खिडकी, म्हणजे फोटोंची जाळी, स्वतःच बनवायची ठरवली होती, ती लगेच बदलणार नव्हती. त्यांच्यासाठी दुसरा उपाय, म्हणजे मर्यादित परवानगी. आयओएस १४ ने हो आणि नाही यांच्या जोडीला `Select Photos…` हा पर्याय दिला. आयओएस १७ पासून तिथे `Limit Access…` असं लिहिलेलं असतं. अँड्रॉइडवर असा पर्याय २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ सोबत आला. माझ्या मते दोन्हीत पिकरच सरस आहे आणि मर्यादित परवानगी ही तडजोड आहे. वापरणाऱ्याला ती कळतच नाही, कारण ॲप पूर्वीसारखंच दिसतं, फक्त फोटो कमी असतात.

समजा, ताईने नवा आयफोन घेतला आणि गणपतीत एका चॅट ॲपला मर्यादित परवानगी देऊन आरतीच्या पाच फोटोंवर खूण केली. दिवाळीत काढलेला रांगोळीचा फोटो ती ॲपमध्ये शोधते आणि तो नसतो. तिला वाटतं आपण ‘फोटोंची परवानगी’ दिलेली आहे. प्रत्यक्षात तिने त्या पाच फोटोंची यादी दिली होती. यादी तारखेवर चालत नाही, अल्बमवरही चालत नाही. नंतर काढलेला फोटो आपोआप तिच्यात जात नाही. तिने बनवलेले अल्बमही ॲपला दिसत नाहीत. मात्र त्याच ॲपच्या कॅमेऱ्याने काढून लायब्ररीत जपलेला फोटो दिसतो, कारण ॲपने स्वतः जपलेले फोटो यादीत धरले जातात. म्हणून ‘काही नवे फोटो येतात, काही येत नाहीत’ अशी तक्रार असते. आरतीच्या फोटोचा रंग फोटोज ॲपमध्ये सुधारला तर तो यादीत राहतो. त्याचा स्क्रीनशॉट घेतला किंवा दुसरी प्रत केली, तर ती नवी चीज ठरते आणि बाहेर राहते.

यादी वाढवायची जागा `Settings > Privacy & Security > Photos` मध्ये, त्या ॲपच्या नावाखाली आहे. अनेक ॲपमध्ये जाळीच्या वर `Manage` असं काहीतरी असतं, तेही चालतं. इथे ताई हमखास अडकते. यादी वाढवायला जी खिडकी उघडते ती फोनची, त्यामुळे तिथे सगळे फोटो दिसतात. ती रांगोळीवर खूण करते, `Done` दाबते आणि फोटो गेला असं समजते. पण तो अजून फक्त ॲपच्या जाळीत आलेला असतो. पाठवायला तिथे तो पुन्हा निवडावा लागतो.

आयओएस यादी वाढवायची आठवण स्वतःहून करतं: ॲप नव्याने सुरू होऊन फोटोंकडे वळलं की चौकट येते. घाईत लोक `Keep Current Selection` दाबतात आणि यादी तशीच राहते. ही चौकट बंद ठेवायची मुभा ॲप बनवणाऱ्यांना आहे. ती घेऊन आत स्वतःचं बटण दिलं नाही, तर माणसाला काही पत्ताच लागत नाही.

अँड्रॉइड १४ वर आणखी एक तऱ्हा आहे. नव्या पद्धतीसाठी तयार न केलेल्या ॲपला निवडलेले फोटो तात्पुरतेच मिळतात. ॲप बंद केलं किंवा मागे पडून राहिलं की ती मुभा जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारणा होते. काल दिलेली परवानगी आज कुठे गेली, असं वाटतं ते यामुळे. कायमचं बदलायचं तर सेटिंग्जमध्ये ॲपच्या `Permissions` खाली `Photos and videos` बघावं.

खिडकी कोणाची, हे ओळखायची खूण सोपी आहे. आयफोनवर तुमचे स्वतःचे अल्बम दिसत असतील तर एक तर खिडकी फोनची आहे, नाहीतर ॲपला पूर्ण परवानगी आहे. अँड्रॉइडच्या पिकरवर, हे ॲप फक्त तुम्ही निवडलेले फोटो बघू शकतं, अशा अर्थाची ओळ असते. तिथेही फोटो नसेल तर परवानगीला दोष देऊ नका. आयफोनवर तो `Hidden` अल्बममध्ये असेल, अँड्रॉइडवर गूगल फोटोजच्या `Locked Folder` मध्ये असेल. अँड्रॉइडवर तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेला असेल तर त्या ॲपमधली `Media visibility` तपासा. ती बंद असली की फोटो चॅटमध्ये दिसतो, पण फोनच्या फोटोंच्या नोंदीत येतच नाही आणि मग कुठलाही पिकर तो दाखवत नाही.