शिक्षकांच्या अर्जातला ‘फरक किती पडला?’ हा प्रश्न : पार्श्वभूमी

सेवेतल्या शिक्षकांसाठी असलेल्या शिष्यवृत्त्यांच्या अर्जांत आता बहुतेक वेळा एक निबंध मागतात: वर्गात नवे काय केलेत आणि त्याने मुलांच्या शिकण्यात मोजता येईल असा काय फरक पडला. खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांतले गुरुजी आणि बाई पहिला अर्धा भाग सहज लिहितात. दुसऱ्या अर्ध्याशी अडतात, आणि त्याला कारणे आहेत.

जुना इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख मुंबई इलाख्यात असताना अनुदानित शाळांना परीक्षेत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर पैसे मिळत. निकाल म्हणजे शिक्षकाची लायकी, ही समजूत तेव्हापासून मुरली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, खाते बदलले, पण निकालाचा टक्का तसाच राहिला. 1958 पासून शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळू लागले. तेव्हाही वरिष्ठांची शिफारस, सेवेची वर्षे, पटसंख्या आणि निकाल एवढ्यावर काम भागे. शिक्षकाने स्वतः काही लिहावे अशी अपेक्षाच नव्हती.

खरा बदल अलीकडचा. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. कायद्याच्या हेतूबद्दल वाद घालावा तितका थोडा, पण अर्ज लिहिणाऱ्या शिक्षकाच्या हातातला जुना पुरावा त्याने काढून घेतला. शंभर टक्के निकाल सगळ्यांचाच लागत असेल, तर तो सांगून काय उपयोग? त्याच्या आधीच, 2005 पासून, गावोगाव घरी जाऊन मुलांचे वाचन तपासणारे वार्षिक सर्वेक्षण सुरू झाले होते. त्याची एका पानाची चाचणी शाळांत पसरली: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद देतात. तीनपेक्षा जास्त चुका न करता, ओघात वाचला तर गोष्ट, नाहीतर शब्द. पाचांतले चार शब्द बरोबर आले तर ते मूल ‘शब्द’ पातळीचे. साधी, स्वस्त, एका मुलाला काही मिनिटांत होणारी तपासणी. 2018 मध्ये राष्ट्रीय पुरस्कारासाठी शिक्षकाने स्वतःच अर्ज भरायची पद्धत आली आणि निबंध व आकडे एकत्र आले.

सीमाभागात यावर आणखी एक थर आहे. 2015 च्या कायद्याने कर्नाटकातल्या सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. घरी मराठी, शाळेत मराठी, आणि कन्नड फक्त एस.टी.च्या पाटीवर, अशा मुलांना ती लिपी वाचायला शिकवणे हे या पट्ट्यातल्या मराठी शाळांपुढचे रोजचे काम झाले. त्यामुळे इथल्या कल्पक शिक्षकांचे प्रयोग बरेचदा याच ठिकाणी होतात, आणि अर्जातही तेच येतात.

असाच एक प्रयोग पाहू. दोन्ही लिप्यांचा वर्णक्रम एकच आहे, म्हणून बाई वेगळी मुळाक्षरे न घेता मराठी बाराखडीच्या शेजारी कन्नड बाराखडी मांडतात आणि दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे असणारे शब्द आधी वाचायला देतात: गाडी, तूप आणि तुप्प, खोबरे आणि कोब्बरी. तुप्प हा शब्द फार कामाचा. मराठीत जोडाक्षर आडवे जुळते, कन्नडमध्ये दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली लटकते. ते मुलाला पहिल्यांदा दिसते तेव्हा शब्द मात्र ओळखीचा असतो, म्हणून ते अडखळत नाही. जिथे अडखळते ती जागाही ठरलेली आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन ‘ए’ आणि दोन ‘ओ’ आहेत, मराठीत तो भेद नाही. त्यासाठी बाई वेगळ्या चिठ्ठ्या करतात.

आता मोजणी. समजा दुसरी-तिसरीच्या जोडवर्गात जूनमध्ये 22 मुले होती आणि त्यांतली 6 कन्नड परिच्छेद वाचत होती. फेब्रुवारीत 21 मुलांपैकी 13 वाचतात. अर्जात लिहिले जाते: 27 टक्क्यांवरून 62 टक्के. आकडे खरे आहेत, निष्कर्ष खरा नाही. मधल्या काळात 4 मुले आईवडिलांबरोबर कामासाठी गोव्याला गेली. ती चारही न वाचणारी होती. कन्नड माध्यमाच्या शाळेतून 3 मुले आली, तिघेही आधीच वाचत होते. दोन्ही वेळा वर्गात असलेली मुले 18. त्यांतले जूनमध्ये 6 वाचत होते, फेब्रुवारीत 10. म्हणजे पुढे सरकलेली मुले चार. पस्तीस टक्क्यांची झेप बावीसवर येते.

इथेच वाद आहे. काहींचे म्हणणे, पटावर जे आहेत ते सगळे धरावेत, कारण गळती आणि स्थलांतर हीच आपली परिस्थिती आहे, ती लपवू नये. दुसरे म्हणतात, दोन्ही वेळा हजर असलेलीच मुले धरावीत. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, पण एका अटीवर: गेलेली मुले किती आणि ती कुठल्या पातळीवर होती, हे त्याच निबंधात लिहिलेच पाहिजे. नाहीतर सर्वांत अडचणीतली मुले कागदावरूनच नाहीशी होतात, आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत अशी मुले थोडी नाहीत.

चारचा आकडाही शेवटचा नव्हे. आठ महिन्यांत मूल वाढते, काही न करताही थोडे वाचू लागते. म्हणून तुलना हवी. सर्वांत सोपी तुलना आदल्या वर्षीच्या त्याच जोडवर्गाशी: बाराखडी शेजारी न मांडता त्या वर्षी किती सरकले होते? समजा तितक्याच मुलांतली दोन. मग प्रयोगाच्या नावावर उरतात ती दोन मुले. इतक्या लहान वर्गात एखादे मूल तापाने चाचणीला नसले तरी आकडा हलतो, म्हणून ‘सिद्ध झाले’ असे म्हणता येत नाही, ‘दिसले’ एवढेच म्हणता येते. मात्र आदल्या वर्षीची नोंद बहुतेक शाळांत नसते, कारण तेव्हा कोणी मागितली नव्हती. ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी या जूनमध्येच, काहीही नवे सुरू करण्यापूर्वी, चाचणी घेऊन ठेवावी.

चाचणीतही फसगत होते. जूनचाच परिच्छेद फेब्रुवारीत दिला तर मुले तो पाठ म्हणतात. कागद उलटा करून मधलाच एक शब्द विचारला की लगेच कळते. आपल्याच बाईंनी तपासले तर ओठ हलतात, मूल ओठ वाचते. म्हणून तपासणी शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाने करावी, आणि परिच्छेद त्याच पातळीचा पण वेगळा असावा.

उरते ते भाषेचे. 2021 च्या राष्ट्रीय अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. काही अर्जदार तोच मापदंड दुसऱ्या भाषेला लावतात आणि आपल्याच मुलांना मागे पाडतात. शिकण्याच्या दुसऱ्या वर्षी असलेल्या कन्नडला मातृभाषेचा वेग लावणे रास्त नाही. मराठी वाचनाचा आकडा वेगळ्या ओळीत द्यावा, म्हणजे कन्नडकडे वेळ गेल्याने मराठी मागे पडली का, हेही वाचणाऱ्याला दिसेल.