सहाव्या वर्षी येणारी दाढ पहिल्या वर्षीच घडू लागते

नऊ वर्षांच्या एखाद्या मुलाच्या वरच्या मधल्या दोन दातांवर आडवी, बारीक खड्ड्यांची पिवळसर रेघ दिसते. कितीही घासली तरी ती जात नाही. घरचे म्हणतात, गोड खाल्ल्यामुळे दात किडले. पण नीट पाहिलं तर रेघ दोन्ही दातांवर एकाच उंचीवर, काठापासून जराशी वर, हिरडीच्या बाजूला असते. बाजूच्या दोन पटाशीच्या दातांवर हाच दोष अगदी काठावर दिसतो आणि चारही पहिल्या कायमच्या दाढांच्या चावण्याच्या भागावरही तो असतो. कीड अशी जोडीजोडीने, एका पातळीत लागत नाही. या दातांचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, तयार होत असताना काहीतरी कमी पडलं होतं आणि ते नेमकं कधी, हेही दातावरून सांगता येतं.

मधल्या पटाशीच्या दातांचं एनॅमल मूल तीन-चार महिन्यांचं असताना काठापासून घडायला लागतं आणि हिरडीच्या दिशेने सरकत चार-पाच वर्षांत पूर्ण होतं. पहिली कायमची दाढ तोंडात सहाव्या वर्षी दिसते, पण तिचं एनॅमल जन्माच्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या वर्षापर्यंत संपलेलं असतं. वरचे बाजूचे पटाशीचे दात मात्र दहा-बारा महिन्यांनंतर सुरू होतात. सुरुवातीला सांगितलेल्या मुलात त्यांच्या काठावरच दोष आहे, म्हणजे अडचण साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपासची. त्याचे सुळे अकराव्या वर्षाच्या सुमारास येतील तेव्हा त्यांच्या टोकाजवळ हीच खूण दिसण्याची शक्यता आहे. दुसऱ्या दाढा अडीच-तीन वर्षांनंतर सुरू होत असल्यामुळे त्या मात्र स्वच्छ निघतील.

खूण कायम राहते याचं कारण एनॅमलच्या रचनेत आहे. ते घडवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा सांगाडा उभारतात, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरत जातात. पूर्ण झालेलं एनॅमल वजनाने जवळजवळ 95 टक्के खनिज असतं. दात हिरडीतून बाहेर येताना या पेशी नष्ट होतात. हाड आयुष्यभर मोडतं आणि नव्याने बांधलं जातं, एनॅमलला ती सोय नाही. म्हणून आठव्या वर्षी सुरू केलेल्या कॅल्शियमच्या बाटलीने ही रेघ भरत नाही. तिथे दातांच्या डॉक्टरांकडून भरणं किंवा लेप हाच उपाय. तो लवकर करावा, कारण खड्ड्यांत अन्न अडकून खरोखरची कीडही तिथेच आधी लागते.

पहिल्या वर्षाच्या आसपास कमतरता का येते? आईच्या दुधात बाकी सगळं उत्तम असलं तरी ड जीवनसत्त्व फारच थोडं असतं. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्याचं काम ड जीवनसत्त्वावर अवलंबून आहे. ते पुरेसं असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी 30 ते 40 टक्के रक्तात जातं, नसेल तर 10 ते 15 टक्केच. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की शरीर हाडांतून ते काढून घेतं आणि त्याच गडबडीत फॉस्फेट लघवीवाटे वाया जातं. एनॅमलच्या पेशींना त्या काळात दोन्ही कमी मिळतात आणि तेवढा पट्टा पातळ, खड्ड्यांचा राहतो. 1918 नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये मे मेलनबी या संशोधिकेने कुत्र्यांच्या पिलांना चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांविना वाढवलं, तेव्हा त्यांचे दातही असेच कमकुवत घडले होते.

प्रत्येक रेघेचा दोष ड जीवनसत्त्वाला देता येत नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा बाळपणातला मोठा आजारही अशीच खूण ठेवतो. एकाच दातावर डाग असेल तर त्याच जागी दुधाच्या दाताला मार लागला होता का, तो किडला होता का, हे आधी विचारावं. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर डाग बहुतेक दातांवर खडूसारखे पसरलेले दिसतात.

आपल्याकडे बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची पद्धत आहे. पण सूर्य क्षितिजाजवळ असताना ज्या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते वातावरणातच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते त्या वेळेत ते पोचतात आणि खिडकीच्या काचेतून तर अजिबात येत नाहीत. चालत्या-खेळत्या मुलाला अशा वेळी थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बाहेर जाऊ द्यावं. तान्ह्या बाळाला मात्र भर उन्हात नेणं योग्य नाही, म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब सांगतात. मोठ्यांसाठी मिळणारी 60,000 युनिटची पुडी मुलाला स्वतःहून कधीही देऊ नये. जास्तीचं ड जीवनसत्त्व शरीरातून सहज बाहेर जात नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत मजल जाते.

आता ताट. दोन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दिवसभरात दूध आणि दही मिळून 300 मिलिलिटर गेलं की 350 झालं. 20 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या पेजेतून 70 मिळतं. उरलेलं वरण, पोळी, पालेभाजी, मेथीची भाजी यांतून सहज निघतं. याहून जास्त दूध पाजलं तर मूल जेवणच टाळतं आणि लोह कमी पडतं. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं तर तेच दूध दुधाचे दात किडवतं.

नाचणीबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालीत असतं. सत्त्व करताना फडक्याने गाळून चोथा टाकला की तो वाटा कमी होतो. भिजवून मोड आणून, वाळवून दळलेलं अख्खं पीठ त्याहून चांगलं, कारण मोड आल्याने शोषणात अडथळा आणणारं फायटेटही कमी होतं. पालकाचं उलट आहे. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, पण ऑक्झलेटमध्ये इतकं घट्ट बांधलेलं की जेमतेम 5 टक्के हाती लागतं. शेवग्याचा पाला हा मला रोजच्यासाठी चांगला पर्याय वाटतो. मासे खाणाऱ्या घरात काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळीही उत्तम, पण लहान मुलाला काटे पूर्ण मऊ करून किंवा वाटून द्यावे.

जबड्याची गोष्ट वेगळी. तो हाडाचा असल्यामुळे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व त्यालाही हवंच, पण त्याची वाढ चावण्याच्या ताणावरही अवलंबून असते. 2004 मध्ये हायरॅक्स या प्राण्यांवर प्रयोग झाला. काहींना शिजवून मऊ केलेलं आणि काहींना कच्चं, चिवट अन्न दिलं. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग सुमारे 10 टक्के कमी वाढला. माणसांत वेडेवाकडे दात आनुवंशिकतेनेही येतात, त्यामुळे नुसत्या भाकरीने दात सरळ होतील असं म्हणता येणार नाही. तरी दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला मऊ वरणभात आणि बिस्किटं यांवरच ठेवणं मला पटत नाही. भाकरीचा पापुद्रा, पेरूच्या फोडी, अर्धवट उकडलेलं गाजर हळूहळू द्यावं. समोर बसून द्यावं, आणि चार वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, चणे टाळावेत, ते घशात अडकतात.

घरी पाहता येण्यासारखी खूण म्हणजे पाचव्या वर्षी दुधाच्या पुढच्या दातांमध्ये पडलेल्या फटी. त्या पाहून घाबरू नये, रुंद कायमच्या दातांसाठी जागा तयार होत आहे असाच त्यांचा अर्थ असतो. फटी अजिबात नसतील, दात एकमेकांना चिकटून असतील, तर सातव्या-आठव्या वर्षापर्यंत दाखवून घ्यावं. दोन सुळ्यांमधली खालच्या जबड्याची रुंदी त्यानंतर फारशी वाढत नाही.