बायकांचा धार्मिक अधिकार: कोकणातून केलेला अभ्यास-आढावा

बायकांना धर्मात अधिकार कुठून मिळतो यावर बरंच लिखाण झालंय, कोकणच्या अंगाने वाचलं तर त्यात तीन विषय वेगळे काढता येतात: अंगात येणं, देवळातलं पद, आणि शिकून मिळवलेला अधिकार.

अंगात येणं
मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ मध्ये मांडलं की संचार दोन तऱ्हेचा असतो, एक समाजाच्या मुख्य देवाचा, नीतिनियम सांगणारा, तो बहुधा पुरुषांकडे; दुसरा कडेच्या भुताखेतांचा, ज्यातून दबलेल्या बायका आपलं गाऱ्हाणं बोलून घेतात. सिंधुदुर्गात दसऱ्याला तरंग, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, निघतात, ते धरणारे पुरुष, अवसर त्यांच्याच अंगात येतो आणि अख्खा गाव त्यांना विचारतो, म्हणजे पहिला भाग इथे चपखल बसतो.

दुसरा मात्र अडतो. चित्पावनांकडे नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मी असते, सकाळी नव्या नवरीने लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पूजा करायची, संध्याकाळी तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करतात, आणि मग रात्री बायका धुपाच्या धुरावर धरलेली घागर तोंडाशी घेऊन तालात फुंकत नाचतात. एखादीच्या अंगात वारं येतं. लोक तिच्या पाया पडतात, मूल कधी होणार, घरातलं अडलेलं काम कधी सुटणार असलं विचारतात. आता ही काही कडेची भूतबाधा नाही, ही प्रत्यक्ष महालक्ष्मी, तीसुद्धा उच्चवर्णीय घरात, सगळ्यांच्या संमतीने! जॅनिस बॉडी यांनी १९८९ मध्ये सुदानमधल्या झार पंथावर लिहिताना संचाराला नुसतं गाऱ्हाणं समजू नका असं सांगितलं, ते मला इथे जास्त पटतं.

पण मर्यादाही बघा. प्रश्न घरातलेच, आणि वारं उतरलं की अधिकारही उतरतो, दुसऱ्या दिवशी तिला कोणी विचारत नाही. देवळातला कौल गुरव लावतो, देवाच्या अंगावर लावलेली फुलं-पाकळ्या उजवीकडे पडल्या की डावीकडे ते बघून, आणि तिथे मानकरी बसलेले असतात. तो निर्णय गावाला लागू होतो.

देवळातलं पद
भाविणी म्हणजे देवाला वाहिलेल्या बायका, त्यांच्याकडे दिवाबत्ती, झाडलोट, चवरी ढाळणं अशी नेमून दिलेली सेवा होती. देवाच्या इतकं जवळ असूनही कौल लावायचा हक्क त्यांचा नव्हता. मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने मुली देवाला वाहण्यावर बंदी आली, पण त्यातून नवं पद कोणाला मिळालं नाही.

शिकून मिळणारा अधिकार
सबा महमूद यांनी २००५ मध्ये कैरोच्या मशिदींत बायकांना धर्म शिकवणाऱ्या बायकांवर लिहिलं. त्यांचा अधिकार अभ्यासातून आलेला, म्हणून रोज टिकणारा, पण परंपरेची चौकट मान्य करूनच. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने तयार केलेल्या स्त्री पुरोहित याच वाटेवरच्या. त्या लग्न-मुंज लावतात, पण कोकणातल्या गावदेवळात कौल लावायला पाठांतर पुरत नाही, तिथे गुरवाच्या घराण्यातला वंशपरंपरागत हक्क लागतो.