लघुजाहिरातीची कॅप्शन, हॅशटॅग आणि पिन केलेली कमेंट

इन्स्टाग्रामची रील किंवा यूट्यूबचा शॉर्ट म्हणून दाखवल्या जाणाऱ्या छोट्या उभ्या जाहिरातीसोबत जाहिरातदाराला तीन जागी मजकूर लिहिता येतो: चित्रफितीखालची कॅप्शन, तिच्यातले हॅशटॅग आणि कमेंटच्या यादीत सर्वांत वर पिन करून ठेवलेली स्वतःची कमेंट. या तिन्ही जागांची कामे वेगळी आहेत. चित्रफीत पाहून मनात आलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅप्शन देते, हा माल कोणत्या गावातला आणि कशाचा आहे हे हॅशटॅग सांगतात, आणि रोज बदलणारी माहिती देऊन विचारणा सुरू करून देण्याचे काम पिन केलेल्या कमेंटचे असते. प्रत्यक्षात मात्र अनेक जाहिरातदार एकच घोषवाक्य तिन्हीकडे चिकटवतात.

उदाहरणासाठी गणेशोत्सवातली उकडीच्या मोदकांची घरगुती जाहिरात घेऊ. समजा, डोंबिवलीतल्या एका बाईंनी २० सेकंदांची रील केली आहे. त्यात उकड मळणे, पारी करून सारण भरणे, बोटांनी कळ्या पाडणे आणि शेवटी मोदकपात्रातून निघणारी वाफ दिसते. मोदक साच्यातले नाहीत, हातवळणीचे आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही. पाहणाऱ्याला आता हवे असते ते चित्रात नसलेले: कुठे मिळतील, केवढ्याला, आणि चतुर्थीच्या सकाळी वेळेवर येतील का.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरे मावतात, पण रील चालू असताना त्यातली जेमतेम पहिली ओळ दिसते आणि पुढचे वाचण्यासाठी बोट लावावे लागते. म्हणून कस लागतो तो पहिल्या ओळीचा. ‘बाप्पाच्या आवडीचा नैवेद्य आता तुमच्या दारी’ ही ओळ कोणत्याही गावातल्या कोणत्याही मिठाईवाल्याला चालेल. तिच्याऐवजी ‘डोंबिवलीत हातवळणीचे उकडीचे मोदक, ११ नगांचा डबा ३८५ रुपये’ असे लिहिले की गाव, पदार्थ, परिमाण आणि भाव एका दमात येतात. त्याखाली दोन-तीन ओळी पुरतात: तांदळाची पिठी आंबेमोहराची, सारणात ओला नारळ आणि गूळ, चतुर्थीची ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत, आणि डबे फक्त डोंबिवली पूर्व-पश्चिमेत पोहोचवले जातील. शेवटची अट अनेकांना लिहिणे जिवावर येते. पण उकडीचा मोदक गार झाला की पारी घट्ट होते आणि तो कुरियरने धाडण्यासारखा माल नाही. तेव्हा नागपूरहून येणारी विचारणा आधीच थांबलेली बरी.

भाव न लिहिता ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हणण्याची रीत फार पसरली आहे. शिवण किंवा मेकअपसारख्या कामात, जिथे माणसागणिक भाव बदलतो, तिथे तिला अर्थ आहे, आणि तिथेही ‘पासून पुढे’ असा आकडा देता येतोच. ठरावीक भावाच्या मालाला मात्र ही रीत नडते. मेसेज येतात खरे, पण त्यातले बरेचसे भाव ऐकून तिथेच संपतात, आणि ऐन सणात उत्तरे देत बसायला हात मोकळे नसतात.

संपर्काचा मार्गही कॅप्शनमध्ये हवा, पण तो चालतो की नाही हे आधी पाहावे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये किंवा कमेंटमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही. यूट्यूबनेही ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्टच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक बंद केल्या. त्यामुळे व्हॉट्सअॅपची लिंक प्रोफाइलच्या बायोमध्ये ठेवून कॅप्शनमध्ये ‘ऑर्डरची लिंक बायोमध्ये’ एवढेच लिहितात. लिंकमध्ये पहिला मेसेज आधीच भरून ठेवता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=मोदक%20हवेत
```

91 तसाच ठेवून X च्या जागी स्वतःचा १० अंकी नंबर येतो. ग्राहकाला नुसते ‘पाठवा’ दाबायचे असते आणि विक्रेत्याला हा मेसेज या लिंकवरून आला हे लगेच कळते.

हॅशटॅगची कल्पना ख्रिस मेसिना यांनी २००७ मध्ये ट्विटरवर मांडली. इन्स्टाग्रामवर अनेक वर्षे एका पोस्टला ३० हॅशटॅग चालत आणि लोक ३०च्या ३० भरत. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामनेच तीन ते पाच पुरेत असा सल्ला दिला, आणि हॅशटॅगने पोहोच फारशी वाढत नाही असे त्याचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनीही सांगितले आहे. यूट्यूबवर ६० हून जास्त झाले तर एकही धरला जात नाही. आता हॅशटॅगचा उपयोग शोधणाऱ्याच्या शब्दाशी जुळण्यापुरता उरला आहे, म्हणून #viral किंवा #trending लावून मोदक विकले जात नाहीत. आपल्या उदाहरणात पाच निवडायचे तर #उकडीचेमोदक, #ukdichemodak, #ukadichemodak, #डोंबिवली, #dombivli हे बरे. मराठी माणूस रोमन लिपीतही शोधतो आणि ‘उकडीचे’ दोन तऱ्हांनी लिहितो, हे त्यामागचे कारण.

देवनागरी हॅशटॅगमध्ये एक खोच आहे. मोकळी जागा किंवा जोडरेघ आली की तो तिथेच तुटतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ‘भाकऱ्या’, ‘पुऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र वेगवेगळे कळफलक वेगवेगळ्या संकेतांनी उमटवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसले तरी यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द असू शकतात. म्हणून टाकल्यावर त्या हॅशटॅगवर बोट ठेवून पाहावे. निळा रंग शब्दाच्या मध्येच संपला, किंवा उघडलेल्या पानावर फक्त आपलीच पोस्ट दिसली, तर ‘भाकरी’सारखे साधे रूप घेतलेले बरे.

रील पैसे किंवा फुकट डबा घेऊन एखाद्या खाद्यसमीक्षकाने केली असेल, तर ती जाहिरात आहे हे सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही खूण सहज नजरेस पडली पाहिजे. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी #ad लपवणे त्यात बसत नाही.

पिन केलेली कमेंट ही तिघांतली सर्वांत दुर्लक्षित जागा. यूट्यूबवर एकच कमेंट पिन करता येते, इन्स्टाग्रामवर तीनपर्यंत. कॅप्शनचीच पुनरावृत्ती इथे केली तर जागा वाया जाते. आज काय शिल्लक आहे ते इथे लिहावे आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा: ‘चतुर्थीला सकाळी ७ ते ९ चे डबे संपले, ९ ते ११ चे आहेत. तुम्ही पूर्वेला की पश्चिमेला? इथे लिहा, मी मेसेज करते.’ ‘तुम्हाला मोदक आवडतात का?’ या प्रश्नावर हृदये पडतात, ऑर्डर पडत नाही. पत्ता किंवा फोन नंबर मात्र उघड्या कमेंटमध्ये मागू नये. मिळत्याजुळत्या नावाचे खाते काढून ‘आगाऊ पैसे पाठवा’ म्हणणारे तिथेच टपलेले असतात.

इन्स्टाग्रामवर दुसरी पिन एखाद्या खऱ्या ग्राहकाच्या प्रश्नाला द्यावी. ‘संध्याकाळपर्यंत मऊ राहतील का?’ आणि त्याखाली ‘गार झाले तर ५ मिनिटे वाफवून घ्या, वर तूप सोडा’ हे उत्तर, कोणत्याही घोषवाक्यापेक्षा जास्त भरवसा देते.

मजकूर जमला की नाही हे कमेंट वाचूनच कळते. ‘कुठे?’ आणि ‘केवढ्याला?’ हेच पुन्हा पुन्हा विचारले जात असेल तर कॅप्शनची पहिली ओळ चुकली. विचारणा सगळी बाहेरगावची असेल तर गाव कॅप्शनमध्ये आणि हॅशटॅगमध्ये ठळक नाही. ‘अजून मिळतील का?’ असे कुणी विचारले तर पिन शिळी झाली आहे. रील मात्र सणानंतरही आठवडेच्या आठवडे फिरत राहते, तेव्हा अनंत चतुर्दशीनंतर जुनी पिन काढून ‘गणपतीच्या ऑर्डर बंद, संकष्टीसाठी दोन दिवस आधी सांगा, किमान २१ नग’ अशी नवी लावतात.