वेढण्याच्या आत: पाच अक्षरं की तेरा?

लग्नाच्या अंगठीच्या आत ओळ कोरणं ही आपली जुनी चाल नाही. आपल्याकडे खूण मंगळसूत्राची आणि जोडव्यांची. अंगठी आली ती साखरपुड्याच्या वाटेने. हनुमानाने सीतेला दाखवलेली अंगठी रामाच्या नावाची होती, पण ते नाव ओळख पटवण्यासाठी होतं, लपवण्यासाठी नव्हे. इंग्लंडात १५व्या ते १७व्या शतकात प्रेमाच्या छोट्या ओळी अंगठीवर आधी बाहेरून आणि पुढे आतून कोरल्या जाऊ लागल्या. आतली ओळ फक्त घालणाऱ्याला ठाऊक, ही कल्पना तिथली. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या घरांत ती आवडली तर नवल नाही.

वडोदऱ्यात मांडवीच्या आसपासचे कारागीर हे काम हाताने करत. त्यांचा हात गुजरातीला सरावलेला, आणि गुजरातीला शिरोरेषा नाही. दांडिया बाजारातलं मराठी गिऱ्हाईक आलं की ते अक्षरं आधी कोरत आणि रेघ शेवटी ओढत. दोन शब्दांमध्ये कोरणी क्षणभर उचलली की शब्द सुटे झाले, वेगळी जागा सोडायची गरजच नव्हती. गुजरातीत मात्र शब्द सुटे दिसायला मोकळी जागाच लागते.

जागेचा हिशेब असा. आतला व्यास १७ मिलिमीटर असेल तर आतला घेर साधारण ५३ मिलिमीटर. त्यातला डाकाचा जोड मोकळा ठेवायचा, कारण माप बदलताना वेढणं बहुधा तिथेच कापतात आणि मधलं अक्षर जातं. २०२१ पासून सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कच्या तीन खुणाही बऱ्याचदा आतच असतात: मानकाचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अंक-अक्षरांचा क्रमांक. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला यातून सूट आहे, पण लग्नाचं वेढणं सहसा त्याहून जड असतं. तरीही लांबी पुरते, अडचण उंचीची होते. पट्टी तीन मिलिमीटरची असली तरी कडा गोल केल्यावर सपाट भाग दोनच्या आसपास उरतो. रोमन मोठी अक्षरं तो सगळा वापरतात. आपल्या ‘सुमेधा’ला वर मात्रा हवी आणि खाली उकार, म्हणजे मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून जाणता कारागीर आधी विचारायचा, ‘वर-खाली काही नसलेलं नाव नाही का?’

खरा घोळ लेझरसोबत आला, आणि तो ‘अक्षर’ या शब्दाचा आहे. आपण बोलताना ‘श्री’ला एक अक्षर म्हणतो. उत्तरेत प्रेमाची अडीच अक्षरं मोजतात, कारण तिथे जोडाक्षरातलं अर्धं अक्षर अर्धंच धरलं जातं. संगणकाची मोजणी तिसरीच. १९८८ च्या भारतीय मानकाच्या मांडणीवरून १९९१ साली देवनागरीचे जागतिक सांकेतांक ठरले. त्यात व्यंजन, हलन्त आणि मात्रा असा प्रत्येकाचा वेगळा क्रमांक आहे. म्हणून ‘श्री’ची चार चिन्हं होतात: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. मजकूर साठवायला ही सोय उत्तम. सोन्यावरची जागा मोजायला ती निरुपयोगी, कारण हलन्त कुठे कोरलाच जात नाही आणि मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते. तरी अंगठीच्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘१२ अक्षरं’ लिहिलेलं असतं, तेव्हा मोजली जातात ती ही चिन्हं.

ओळखीतल्या एका जोडप्याने अशाच एका दुकानाच्या फॉर्मवर ‘स्नेहा प्रसाद’ भरलं. कानाला पाच अक्षरं. फॉर्मच्या हिशेबाने सहा, सहा आणि मधली मोकळी जागा, म्हणजे तेरा. चौकट लाल झाली. मुलाने मधली जागा काढून टाकली, बारा झाले, ऑर्डर गेली. महिन्याभराने वेढणी आली ती ‘स्नेहाप्रसाद’ अशी, शिरोरेषा सलग. सासूबाईंनी भिंग लावून वाचलं आणि विचारलं, ‘हा कोण?’ जागा कमी पडली म्हणावं तर तसंही नव्हतं. मजकूर घेराच्या तिसऱ्या हिश्शातही नव्हता, उरलेला घेर कोराच होता. दुकानाचं म्हणणं, मंजुरीसाठी पाठवलेल्या चित्रात हेच होतं. ते खरंही होतं, पण ते चित्र मोबाइलवर नखाएवढं दिसत होतं.

शेवटी दोघं मांडवीजवळच्या घडियाळी पोळेतल्या एका वयस्कर कारागिराकडे गेले. लेझरची रेघ उथळ होती. त्याने ‘हा’ आणि ‘प्र’ यांच्यामधला शिरोरेषेचा केसाएवढा तुकडा घासून पुसला, बाकीचं तसंच ठेवलं. नावं अजून चिकटूनच आहेत, पण आता दोन वाचली जातात. दुसऱ्या वेढण्यालाही तेच केलं. दोन्ही मिळून पंधरा मिनिटं लागली.